अरबी निबंधातील न दिसणाऱ्या चुका : मराठीभाषक विद्यार्थ्यांचे लेखन आणि ते तपासण्याची एक पद्धत

१. प्रस्तावना

अरबीच्या पदवी वर्गात निबंध तपासण्याची रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे. शिक्षक लाल पेन घेऊन ओळीमागून ओळ वाचत जातात, चुकलेल्या शब्दावर रेघ मारतात, त्याच्या वर बरोबर रूप लिहितात आणि शेवटी चुका मोजून गुण कापतात. विद्यार्थी गुण पाहतो, लाल अक्षरांवरून नजर फिरवतो आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा करतो. या रीतीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तिने विद्यार्थी नाउमेद होतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप वेगळा आहे. ही रीत ज्या चुका पकडते त्या बहुधा किरकोळ असतात, आणि वाचकाची खरी दिशाभूल करणाऱ्या चुका तिच्या हातून निसटतात.

याचे कारण सरळ आहे. लाल पेन अशुद्ध रूप शोधत असते. पण मराठीभाषक विद्यार्थ्याच्या अरबीतील कित्येक वाक्ये व्याकरणाने पूर्ण शुद्ध असतात; फक्त त्याला जे म्हणायचे होते ते त्या वाक्यात नसते. एस. पी. कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मधील एका लेखात अशा छुप्या चुकांकडे लक्ष वेधले होते. वाक्य सुटे पाहिले तर निर्दोष वाटते. लेखकाचा हेतू कळला तरच ते चुकलेले आहे हे समजते. हा हेतू कळण्याचे दोन मार्ग त्यांनी सांगितले. शक्य असेल तेव्हा शिकणाऱ्यालाच त्याच्या मातृभाषेत विचारावे. ते शक्य नसेल तर संदर्भावरून अंदाज बांधावा. आपल्या वर्गात पहिला मार्ग बहुतेक वेळा मोकळा असतो, तरी आपण दुसऱ्यानेच जातो, हा या टिपणातील मुख्य मुद्दा आहे.

उदाहरणांच्या लेखनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अरबी शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. नामे व विशेषणे यांचे अंत्यस्वर बहुतेक ठिकाणी दाखवलेले नाहीत, कारण स्वरचिन्हांशिवाय लिहिलेल्या निबंधातही ते नसतात. ‘अल्’ हे निश्चितता दाखवणारे उपपद पुढच्या अक्षरामुळे उच्चारात बदलले तरी ते लिपीप्रमाणे ‘अल्-’ असेच ठेवले आहे. चुकीच्या किंवा हेतूशी न जुळणाऱ्या रचनेपूर्वी * अशी तारका आहे.

२. ‘अल्’ : एक उपपद, चार अर्थ

मराठीत निश्चितता दाखवणारे उपपद नाही. ‘घर’ म्हणजे कोणते तरी घर की आपण बोलत होतो ते घर, हे संदर्भाने कळते किंवा ‘एक’, ‘ते’ असे शब्द जोडून सांगता येते. म्हणून ‘अल्’ कधी लावावे हे मराठीभाषकाला अवघड जाते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. खरी अडचण ‘अल्’ अरबी वाक्यात दुसरे कोणते काम करते यात आहे.

‘मोठे घर’ आणि ‘घर मोठे आहे’ यांतला फरक मराठी दोन साधनांनी दाखवते. विशेषण आधी येते की नंतर, हे पहिले साधन; ‘आहे’ हे क्रियापद दुसरे. अरबीत ही दोन्ही साधने नाहीत. विशेषण दोन्ही रचनांत नामाच्या नंतरच येते, आणि वर्तमानकाळातील साध्या विधानात ‘आहे’ साठी शब्दच नसतो. मग फरक दाखवायचा कशाने? केवळ ‘अल्’ने. ‘बैत’ म्हणजे घर आणि ‘कबीर’ म्हणजे मोठा हे दोन शब्द घेतले, तर ‘अल्’ असणे-नसणे यावरून चार रचना होतात.

बैत कबीर : (एक) मोठे घर
अल्-बैत अल्-कबीर : (ते) मोठे घर
अल्-बैत कबीर : घर मोठे आहे
बैत अल्-कबीर : मोठ्या माणसाचे घर

चारही रचना शुद्ध आहेत आणि चारही अर्थपूर्ण आहेत. म्हणजेच एखादे ‘अल्’ सुटले किंवा जास्त पडले तर वाक्य मोडत नाही. ते दुसरेच वाक्य होते. नजर अशुद्ध रूप शोधत असेल तर तिला येथे काहीच खटकणार नाही.

हा घोटाळा सर्वात जास्त होतो तो ‘माझे’, ‘तुझे’, ‘त्याचे’ या शब्दांपाशी. अरबीत हे अर्थ नामाला जोडलेल्या प्रत्ययाने येतात; ‘बैती’ म्हणजे माझे घर. असा प्रत्यय लागला की नाम आपोआप निश्चित होते, त्याला स्वतःला ‘अल्’ लागत नाही. पण त्याच्या विशेषणाला मात्र ‘अल्’ लागलेच पाहिजे. ‘माझे नवे घर’ म्हणजे ‘बैती अल्-जदीद’. विद्यार्थी असा विचार करतो, की नामाला ‘अल्’ नाही, मग विशेषणाला तरी कशाला? म्हणून तो *बैती जदीद असे लिहितो, आणि त्याचा अर्थ होतो ‘माझे घर नवे आहे’. ‘माझे नवे घर’ असे म्हणून त्याला पुढे काही सांगायचे होते. वाक्य मात्र तिथेच पूर्ण झाले.

षष्ठीच्या रचनेत, म्हणजे अरबी व्याकरणाच्या भाषेत इज़ाफ़ामध्ये, आणखी एक पेच येतो. ‘शाळेचे दार’ म्हणजे ‘बाब अल्-मदरसा’. येथे क्रम मराठीच्या उलट आहे आणि पहिल्या नामाला ‘अल्’ लागत नाही. *अल्-बाब अल्-मदरसा ही चूक पहिल्या वर्षी होते, पण ती ठळक असल्याने लगेच दिसते व लवकर सुधारते. पेच येतो विशेषणापाशी. विशेषण कोणत्याही नामाचे असो, ते या जोडीच्या शेवटीच जाते:

बाब अल्-मदरसा अल्-जदीद : शाळेचे नवे दार
बाब अल्-मदरसा अल्-जदीदा : नव्या शाळेचे दार

‘बाब’ पुल्लिंगी आणि ‘मदरसा’ स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणाच्या लिंगावरून ते कोणाचे आहे हे कळते. विद्यार्थ्याने लिंग चुकवले की विशेषण एका नामावरून उठून दुसऱ्या नामावर जाऊन बसते, आणि वाक्य पुन्हा शुद्धच राहते. दोन्ही नामे एकाच लिंगाची असतील तर मात्र स्वरचिन्हांशिवायच्या लेखनात निवाडा करता येत नाही. ‘किताब अल्-तालिब अल्-जदीद’ याचा अर्थ ‘विद्यार्थ्याचे नवे पुस्तक’ असाही होतो आणि ‘नव्या विद्यार्थ्याचे पुस्तक’ असाही. फरक फक्त शेवटच्या स्वरात आहे, आणि तो कागदावर नाही. पुस्तक नवे आहे असेच म्हणायचे असेल तर ‘अल्-किताब अल्-जदीद लिल्-तालिब’ अशी फोड करून लिहावे, हे येथे सांगितले पाहिजे.

या ठिकाणी मराठी अडथळा ठरत नाही, उलट मदतीला येते. मराठी विशेषणाचे रूपच सांगते की ते कोणाला लागले आहे: ‘नवे’ हे दाराचे, आणि ‘नव्या’ हे सामान्यरूप शाळेचे. विद्यार्थ्याने मनातले मराठी वाक्य नीट पाहिले, तर अरबी विशेषण कोणत्या नामाशी जुळवायचे याचे उत्तर त्यात आधीच असते. तपासणाऱ्यालाही तेच मराठी वाक्य हवे आहे.

३. क्रियापद कोणाच्या मागे जाते?

दुसरा गट जुळणीचा. ‘अहमदने आंबा खाल्ला’, ‘अहमदने भाकरी खाल्ली’, ‘सलमाने आंबा खाल्ला’ ही तीन वाक्ये पाहा. सकर्मक क्रियापद भूतकाळात असले की मराठी क्रियापद कर्माच्या मागे जाते. कर्ता ‘ने’ लावून बाजूला उभा राहतो. अरबीत क्रियापद नेहमी कर्त्याशी जुळते. अहमदने काहीही खाल्ले तरी ‘अकल’, सलमाने काहीही खाल्ले तरी ‘अकलत’. हा नियम सोपा आहे आणि विद्यार्थ्याला तो पाठही असतो. पण लांब वाक्य रचताना मन मराठीत असेल, आणि कर्म स्त्रीलिंगी किंवा अनेकवचनी असेल, तर क्रियापदाला नको तो ‘त’ चिकटू शकतो.

या ‘त’मध्ये एक वेगळा धोका आहे. स्वरचिन्हे नसताना शेवटच्या ‘त’चे चार अर्थ होतात: मी, तू (पुरुष), तू (स्त्री) आणि ती. त्यामुळे चुकीचा ‘त’ वाचणारा त्याला ‘मी’ असेही समजू शकतो, आणि मग ज्याला विद्यार्थ्याने कर्ता म्हणून लिहिले तो वाचकाच्या लेखी कर्म होतो. याचे उदाहरण पुढे येईल.

जुळणीतला दुसरा प्रसिद्ध नियम मानवेतर अनेकवचनाचा. पुस्तके, झाडे, रस्ते, प्राणी यांची अनेकवचने अरबीत स्त्रीलिंगी एकवचनाप्रमाणे वागतात. ‘नवी पुस्तके’ म्हणजे ‘कुतुब जदीदा’. येथे ‘जदीदा’ हे ‘नवी वही’मधील ‘नवी’सारखे स्त्रीलिंगी एकवचनी रूप आहे. हा नियम विचित्र म्हणून शिकवला जातो आणि विद्यार्थी तो घोकतो. पण मराठीकडे पाहिले तर तो तितका परका नाही. ‘नवी वही’ आणि ‘नवी पुस्तके’, ‘ती वही’ आणि ‘ती पुस्तके’, ‘वही सापडली’ आणि ‘पुस्तके सापडली’ या जोड्या पाहा. मराठीत नपुंसकलिंगी अनेकवचनाचे विशेषण, सर्वनाम आणि भूतकाळी क्रियापद ही स्त्रीलिंगी एकवचनासारखीच दिसतात. अरबीतले ‘तिल्क’ हे दर्शक सर्वनामही याच दोन्ही जागी येते, अगदी ‘ती’प्रमाणे.

ही आठवणीची खूण आहे, नियम नव्हे, आणि तिच्या मर्यादा विद्यार्थ्याला त्याच वेळी सांगाव्यात. वर्तमानकाळात मराठी ‘आहे’ आणि ‘आहेत’ असा फरक करते. ‘नवे रस्ते’ मराठीत पुल्लिंगी असल्याने तेथे खूण चालत नाही. अरबीत मात्र नियम तोच राहतो. आणि ‘ती मुले’ मराठीत नपुंसकलिंगी असली तरी ती माणसे आहेत, म्हणून अरबीत त्यांच्यासाठी ‘हुम’ हे माणसांचे अनेकवचनी सर्वनाम येते. प्रश्न लिंगाचा नाही, माणूस की माणसाखेरीज काही, एवढाच आहे.

४. रूढ तपासणीला काय दिसते?

आता एक नमुना घेऊ. पुढील परिच्छेद या टिपणासाठी रचला आहे. वर सांगितलेल्या चुका त्यात मुद्दाम एकत्र आणल्या आहेत. ‘माझे गाव’ या विषयावर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही पाच वाक्ये लिहिली आहेत असे समजू.

(१) *क़र्यती सग़ीरा क़रीबा मिन अल्-नह्र.
(२) *फ़ी अल्-क़र्या मलअब अल्-मदरसा अल्-क़दीम.
(३) *ग़रसत जद्दी हुनाक अश्जार.
(४) *ऊलाइक अल्-अश्जार कबीरा अल्-आन.
(५) अज्लिसु तह्तहा कुल्ल मसा.

रूढ रीतीने तपासणारे शिक्षक तिसऱ्या वाक्यात ‘ग़रसत’च्या जागी ‘ग़रस’ करतील, कारण ‘जद्दी’ म्हणजे माझे आजोबा, आणि ते पुल्लिंगी आहेत. त्याच वाक्यातील ‘अश्जार’ (झाडे) हे अनिश्चित कर्म आहे. त्याच्या शेवटी ‘अन्’ हा स्वर येतो आणि तो लिपीत अलिफ़ने दाखवावा लागतो. तो अलिफ़ सुटला आहे, म्हणून तेथेही खूण होईल. चौथ्या वाक्यात ‘ऊलाइक’ हे माणसांसाठीचे ‘ते’ झाडांना लावले आहे. तेथे ‘तिल्क’ लिहिले जाईल. एकूण तीन चुका. पहिली दोन वाक्ये आणि पाचवे वाक्य यांवर बरोबरची खूण पडेल.

आता त्याच विद्यार्थ्याने मराठीत सांगितलेला हेतू पाहू. पहिल्या वाक्यात त्याला म्हणायचे होते, ‘माझे छोटे गाव नदीजवळ आहे.’ लिहिले गेले, ‘माझे गाव छोटे आहे, नदीजवळ आहे.’ पाहिजे होते ‘क़र्यती अल्-सग़ीरा’. दुसऱ्या वाक्यात त्याला म्हणायचे होते, ‘गावात जुन्या शाळेचे मैदान आहे.’ लिहिले गेले, ‘गावात शाळेचे जुने मैदान आहे.’ पाहिजे होते ‘अल्-क़दीमा’. गावात जुनी शाळा आणि नवी शाळा अशा दोन शाळा आहेत, हे त्याला पुढच्या परिच्छेदात सांगायचे असेल, तर वाचक तेथे पोहोचल्यावर गोंधळणार आहे. म्हणजे तपासणीत तीन चुका निघाल्या आणि दोन राहिल्या. ज्या राहिल्या त्यांनीच अर्थ बदलला होता.

तिसऱ्या वाक्याकडेही पुन्हा पाहिले पाहिजे. ‘आजोबांनी तिथे झाडे लावली’ यातील ‘लावली’ झाडांशी जुळते, आणि तीच जुळणी अरबीत उतरली. पण ग़-र-स-त ही चार अक्षरे वाचणारा अरब वाचक प्रथम ‘ग़रस्तु’ म्हणजे ‘मी लावले’ असे वाचण्याचा संभव आहे, आणि मग वाक्य होते, ‘मी माझ्या आजोबांना तिथे रोवले.’ वाक्याच्या शेवटी झाडे आल्यावर तो अडखळेल, मागे जाईल, कदाचित ‘जद्दती’ म्हणजे आजीमधला ‘त’ सुटला असावा अशीही शंका घेईल. नुसते ‘ग़रस’ असे लाल अक्षरांत लिहिल्याने विद्यार्थ्याला यातले काहीच कळत नाही. आजोबा पुल्लिंगी आहेत हे त्याला ठाऊकच होते. त्याची नजर कर्मावर होती, हे त्याला कोणी सांगितले नाही.

५. पर्यायी पद्धत

पहिली पायरी हेतू मिळवण्याची. निबंध लिहून झाल्यावर लगेच, शिक्षकाने नेमलेल्या एका परिच्छेदाचा वाक्यागणिक मराठी अर्थ विद्यार्थ्याने शेवटच्या पानावर लिहावा. पाच ते आठ वाक्ये पुरेशी आहेत. हा अर्थ आधी लिहून घेऊ नये, कारण मग निबंध म्हणजे भाषांतराचा प्रश्न होतो. दोन दिवसांनी विचारूही नये, कारण तोवर विद्यार्थी स्वतःचे अरबी वाक्य वाचून त्यालाच हेतू समजू लागतो.

दुसरी पायरी उलट वाचनाची. शिक्षकाने शेवटचे पान न पाहता तोच परिच्छेद वाचावा आणि प्रत्येक वाक्यासमोर आपल्याला काय कळले ते साध्या मराठीत लिहावे. येथे मनाने सुधारून वाचायचे नाही. कागदावर जे आहे त्याचाच अर्थ लिहायचा. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर विद्यार्थी आपला अर्थ आणि शिक्षकाचा अर्थ शेजारी ठेवून पाहतो. ‘माझे छोटे गाव’ आणि ‘माझे गाव छोटे आहे’ हे एकमेकांसमोर आले की चूक त्याला स्वतःला सापडते. ती छुपी चूक होती. आता ती उघडी पडली.

तिसरी पायरी खुणांची. बरोबर रूप लिहायचे नाही. चुकीच्या शब्दाखाली रेघ आणि समासात एक अक्षर, एवढेच. चार अक्षरे पुरतात. ‘अ’ म्हणजे ‘अल्’ची चूक. ‘जु’ म्हणजे जुळणीची चूक. ‘स्व’ म्हणजे अंत्यस्वराची अशी चूक, जी स्वरचिन्हांशिवायही लिपीत दिसते, जसे ‘अश्जार’चा सुटलेला अलिफ़. ‘लि’ म्हणजे अक्षराची चूक. शेवटच्या खुणेतही छुप्या चुका असतात. मराठी कानाला ‘क़’ आणि ‘क’ सारखेच वाटतात, पण अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने केवळ शुद्धलेखन पाहून ही चूक कळणार नाही. ‘स्व’च्या बाबतीत एक पथ्य पाळावे: जे कागदावर दिसत नाही त्याचे गुण कापू नयेत. द्विवचन, ‘ऊन’ लागून होणारे अनेकवचन, अनिश्चित कर्माचा अलिफ़ अशा ठरावीक ठिकाणीच अंत्यस्वर लिपीत उमटतो. इतरत्र विद्यार्थ्याला तो येतो की नाही, हे तोंडी परीक्षेने तपासावे.

चौथी पायरी मोजणीची, आणि तिथे घाई नको. आपल्या नमुन्यात ‘अल्’ लावावे की न लावावे असा निर्णय विद्यार्थ्याने १३ ठिकाणी घेतला. ‘अल्-आन’ (आता) आणि ‘कुल्ल’ (प्रत्येक) हे शब्द यात धरलेले नाहीत. या १३ पैकी १२ निर्णय बरोबर आहेत. ‘अल्-क़दीम’मध्ये चूक लिंगाची आहे, ‘अल्’ची नाही. नुसता हा आकडा पाहिला तर ‘अल्’ त्याला उत्तम येते असे वाटेल. पण निश्चित नामाच्या मागे येणारे विशेषण एवढीच जागा पाहिली, तर अशा जागा दोनच होत्या आणि त्यांतील एक चुकली. चुकली ती नेमकी ‘माझे’ या अर्थाच्या प्रत्ययानंतरची. म्हणून चुका एकूण किती यापेक्षा त्या कोणत्या जागी झाल्या आणि तशा जागा किती होत्या, हे वहीत नोंदवावे. दोन जागांवरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून पुढच्या निबंधाचा विषय असा द्यावा, की ‘माझे जुने मित्र’, ‘आमचे मोठे घर’ अशा रचना आपोआप याव्यात. ‘माझी खोली’ हा विषय त्यासाठी चांगला आहे.

कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. घाईत, थकव्यात झालेली चूक वेगळी, आणि नियमच मनात चुकीचा बसल्याने होणारी चूक वेगळी. आपल्या विद्यार्थ्याने चौथ्या वाक्यात झाडांना ‘ऊलाइक’ म्हटले, पण त्याच वाक्यात ‘कबीरा’ आणि पाचव्या वाक्यात ‘तह्तहा’ म्हणजे ‘त्यांच्याखाली’ ही रूपे बरोबर लिहिली. मानवेतर अनेकवचनाचा नियम त्याला येतो. तो दर्शक सर्वनामापर्यंत पोहोचलेला नाही, किंवा येथे फक्त हात घसरला. त्याला सबंध नियम पुन्हा शिकवणे वाया जाईल. रेघ मारून विचारले तर तो ते स्वतः सुधारू शकतो का, एवढेच पाहावे. सुधारले तर ती घसरण होती.

६. पद्धतीच्या मर्यादा

लेखनातील व्याकरणाच्या चुका सुधारून काही साधते का, यावरच दुमत आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशी सुधारणा सोडूनच द्यावी असे मांडले, आणि डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला विरोध केला. येथे सुचवलेली पद्धत तो वाद मिटवत नाही. ती एवढेच म्हणते, की सुधारायचेच असेल तर आधी चूक कोणती हे नीट कळले पाहिजे, आणि ते हेतूवाचून कळत नाही.

या पद्धतीला वेळ लागतो. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक निबंधाचे उलट वाचन शक्य नाही; सत्रात तीन वेळा, दर वेळी एका परिच्छेदापुरते ते करावे. उरलेल्या निबंधांत विद्यार्थ्यांनी जोडीदाराच्या परिच्छेदाचे उलट वाचन करावे. जोडीदाराची अरबीही तेवढीच कच्ची असते आणि तोही मराठीतूनच वाचतो, त्यामुळे छुपी चूक दोघांच्याही नजरेतून सुटू शकते, हे गृहीत धरावे लागते.

शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा येत नसेल तर दोघांना येणाऱ्या तिसऱ्या भाषेत अर्थ लिहून घेता येतो, पण मग काही धागे तुटतात. ‘नवे दार’ आणि ‘नव्या शाळेचे दार’ यांतला फरक तिथे वेगळ्या साधनांनी येईल. इतर भाषांच्या विद्यार्थ्यांसाठी या टिपणातील चुकांची यादी जशीच्या तशी घेऊ नये. हिंदीभाषकालाही ‘ने’ची रचना आहे, म्हणून कर्माशी जुळणारे क्रियापद त्याच्याकडेही अपेक्षित आहे, पण हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘ती वही, ती पुस्तके’ ही खूण त्याला उपयोगाची नाही. बांगलाभाषकाच्या क्रियापदाला लिंग नाही, आणि निश्चितता दाखवणारा ‘-टा’ हा प्रत्यय त्याच्या भाषेत आहे. त्याच्या चुका वेगळ्या जागी निघतील. यादी भाषेनुसार बदलेल, उलट वाचन मात्र सर्वांना लागू आहे.

शेवटी, सर्वच चुका मराठीतून येत नाहीत. ‘ऊन’ लावून माणसांची अनेकवचने करायला शिकलेला विद्यार्थी ज्याचे अनेकवचन वेगळ्या साच्यात होते अशा शब्दालाही ‘ऊन’ लावतो. ‘तालिब’चे ‘तुल्लाब’ करण्याऐवजी *तालिबून लिहितो. ही चूक अरबीच्याच एका नियमाचा अतिरेक आहे, आणि अरब मुलेही बोलायला शिकताना असा अतिरेक करू शकतात. अशा जागी मराठी अर्थ विचारून काही हाती लागणार नाही. तेथे शब्दकोश उघडायला सांगणे एवढाच उपाय आहे.

स्वाध्याय

१. ‘माझा जुना मित्र शहरात आहे’ आणि ‘माझा मित्र जुना आहे’ ही वाक्ये अरबीत लिहा. विशेषणाला ‘अल्’ कुठे लागले आणि का, ते एका वाक्यात सांगा.

२. ‘गावाची मोठी नदी’ आणि ‘मोठ्या गावाची नदी’ यांचे अरबी रूपांतर करा. (‘नह्र’ पुल्लिंगी, ‘क़र्या’ स्त्रीलिंगी.) मराठी विशेषणाच्या कोणत्या रूपाने तुम्हाला मदत केली?

३. आपल्या मागील निबंधातील कोणतीही पाच वाक्ये जोडीदाराला द्या. त्याने लिहिलेला मराठी अर्थ आणि तुमचा हेतू जिथे जुळत नाही, तिथे समासात योग्य खूण करा.